एआयवरचे प्रॉडक्ट फोटो आणि हातात एकच आठवडा: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

सणासुदीचे सेल जवळ आले की इनबॉक्समध्ये तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, फक्त माल बदलतो. यावेळी चपलावाल्यांचे जास्त आलेत म्हणून उदाहरण चपलेचं घेतलंय. पर्सवाल्यांनी, साडीवाल्यांनी आपापलं बसवून घ्या.

प्रश्न: फोनवर होईल का, की चांगला कॅमेरा घ्यावा लागेल?

फोन पुरतो. लेन्स पुसा आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो कडा खातो.

प्रश्न: आमच्याकडे कोल्हापुरीची बारा डिझाइन्स आहेत. मी आणि बायको दुकान सांभाळून सगळं करतो. नवरात्राच्या आधी एक आठवडा आहे, सगळे फोटो एआयने करायचेत. रोज काय करायचं ते सांगा.

आधी "सगळे" हा शब्द काढून टाका. एका डिझाइनचे सहा फोटो धरा, म्हणजे बारा डिझाइन्सचे ७२. त्यातले चार खरे काढायचे: पांढऱ्यावरचा मुख्य फोटो, बाजूने, वेणी आणि शिलाईचा क्लोजअप, आणि मापपट्टी शेजारी ठेवून वरून एक. उरलेले दोन सीनचे, त्यातही जनरेट होणार ती फक्त मागची जागा. म्हणजे एआयचा हात लागणार २४ फोटोंना, ७२ ला नाही.

सोमवारी टूल उघडूच नका. कागदावर बारा डिझाइन्सना नंबर द्या आणि सगळ्यांना मिळून दोनच सीन ठरवा, समजा सकाळच्या उन्हातली दगडी फरशी आणि घरातली सतरंजी. बारा चपलांना बारा सीन केलेत तर तुमचं पेज बारा दुकानांतून गोळा केल्यासारखं दिसतं. जिथे विकता तिथले फोटोचे नियमही सोमवारीच वाचा, शनिवारी नाही.

मंगळवारी शूटिंग. खिडकी डाव्या हाताला, खाली पांढरा कार्डशीट, उजवीकडे थर्माकोलचा तुकडा उभा करा म्हणजे सावलीची बाजू काळी पडत नाही. ट्यूबलाइट बंद, कारण खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की चामड्याचा रंग अर्धा पिवळा अर्धा हिरवट येतो आणि मग तो कुठल्याच ॲपमध्ये धड सुधारत नाही. प्रत्येक डिझाइनच्या एका फ्रेममध्ये कोरा पांढरा कागद शेजारी ठेवा, रंग नंतर त्याच्यावरून जुळवायचा. सीनसाठीचा फोटो साधारण ४५ अंशातून, वरून खाली बघत, आणि सगळ्या जोडांचा त्याच उंचीवरून. ही उंची चुकली तर चपला फरशीवर टेकल्यासारख्या दिसतच नाहीत, तरंगतात, आणि लोक मग दिवसभर प्रॉम्प्ट बदलत बसतात.

बुधवारी कटिंग, म्हणजे मागचा भाग काढणं. ऑटोमॅटिक टूल अंगठ्याच्या, म्हणजे पायाचं बोट अडकवायच्या चामड्याच्या कडीच्या, आतली पोकळी बुजवतं आणि गोंड्याचे धागे कापतं, म्हणून झूम करून प्रत्येक जोड बघा. ज्या डिझाइनला गोंडा आहे तिथे हाताने दुरुस्ती लागणार हे धरूनच चाला. पांढऱ्यावरचे फोटो आजच पूर्ण करून टाका, विक्री मुख्यतः त्यांच्यावरच होते.

गुरुवारी एकच डिझाइन घ्या, बाकी अकरांना हात लावायचा नाही. आधी चपलेशिवाय रिकामी जागा जनरेट करा:

```
grey limestone courtyard floor, soft morning light from the left,
camera looking down at about 45 degrees, empty centre,
no people, no footwear
```

उजेड डावीकडून का, तर तुमची खिडकी डावीकडे होती. आणि नुसतं इंडियन कोर्टयार्ड लिहिलंत तर हवेली, झेंडूच्या माळा आणि पणत्या सगळं एकदम येतं, म्हणून जे हवंय तेच साधं वर्णन लिहा. रिकामी फरशी पसंत पडली की तिच्यावर कापलेली खरी चप्पल ठेवा आणि सावली टाका, उजवीकडे, तळव्याला चिकटून गडद आणि पुढे फिकी होत जाणारी. चप्पल तरंगतेय असं वाटलं तर दहातल्या नऊ वेळा सावलीच बघायची. सतरंजीचंही असंच.

शुक्रवारी उरलेल्या अकरा डिझाइन्स त्याच दोन जागांवर बसवा. फरशी तीच आहे त्यामुळे नव्याने जनरेट करायचं जवळजवळ काही उरत नाही, टूलवर फोटो बनवायला विकत घेतलेले क्रेडिट्सही वाचतात. शनिवारी तपासणी, खरा जोड हातात घेऊन, आणि ज्याने फोटो बनवले त्याने तपासायचं नाही. बायकोने बनवले तर तुम्ही बघा, त्याहून उत्तम म्हणजे कारागिराला दाखवा, त्याला चूक दोन सेकंदात दिसते. रविवारी दुरुस्त्या, फाइलला नावं (`KC04-2.jpg` असं काहीतरी, डिझाइनचा नंबर आणि फोटोचा नंबर) आणि अपलोड. मंजुरीत एखादा फोटो अडकतोच, म्हणून सेलच्या आदल्या रात्री अपलोड करायला बसू नका.

प्रश्न: पूर्ण चप्पलच एआयने बनवली तर काय बिघडतं? जरा चकचकीत दिसते, विक्री वाढते. सगळेच करतात.

सगळेच करतात आणि मग सगळेच रिटर्नबद्दल मला मेसेज करतात.

एआयला तुमचा फोटो देऊन "छान कर" म्हणालात की ते फोटो साफ करत नाही, चप्पल नव्याने काढतं. नव्याने काढताना त्याने आजवर ज्या लाखो सँडल्स पाहिल्यात त्यांच्याकडे ते झुकतं. म्हणून नसलेलं बक्कल येतं, पट्ट्यावर पितळी खिळे येतात, वेणीचे पेड तीनाचे चार होतात, चपलेच्या बाजूचे चामड्याचे कान गायब होतात किंवा जोडातल्या दोन्ही चपला डाव्या पायाच्या निघतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हातशिलाई मशीनसारखी सरळ होते. ज्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक कोल्हापुरी घेतं तीच पुसून टाकायची आणि वर क्रेडिटचे पैसे द्यायचे, हा काय हिशोब आहे?

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं चामडं नवीन असताना फिकट असतं, वापराने आणि तेलाने गडद होत जातं. एआयला फिकट आणि थोडं असमान चामडं म्हणजे दोष वाटतो, ते त्याला एकसारखं गडद तपकिरी आणि पॉलिश केलेलं करून देतं. गिऱ्हाईक तो फोटो बघून ऑर्डर करतं, बॉक्समधून फिकट जोड निघतो, ते परत पाठवतं. जाण्याचं आणि येण्याचं कुरिअर शेवटी तुमच्याच हिशोबात येतं, घालून बघितल्याने तळवा घासलेला असतो, आणि खाली "फोटोत वेगळी होती" असा रिव्ह्यू कायमचा राहतो. तिथे तुम्ही वाद घालू शकत नाही, कारण तो माणूस खरं बोलतोय.

कायद्याचंही ऐका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे माल जाहिरातीत दाखवलेल्या गुणांचा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. फोटो हीसुद्धा जाहिरातच. "फोटो प्रातिनिधिक आहे" अशी बारीक ओळ टाकली की सुटलो, हा सल्ला कुणी दिला असेल तर त्याच्यावर विसंबू नका, एकदा वकिलाला विचारा. आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. नाव लावून भलत्याच चपलेचं चित्र दाखवत असाल तर तोही विषय वकिलाच्याच टेबलावरचा.

चप्पल बदलली की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. खरा फोटो आणि तयार झालेला फोटो एकावर एक ठेवा, वरच्याची पारदर्शकता निम्मी करा. वेणी, कान, शिलाई एकमेकांवर बरोबर बसली तर चप्पल शाबूत आहे. दुहेरी कडा दिसल्या तर ती पुन्हा काढली गेलीय, तो फोटो टाकून द्या, "एवढं कोण बघतं" म्हणू नका.

प्रश्न: पायात घातलेले फोटो हवेत पण मॉडेल परवडत नाही. एआय मॉडेल वापरू का?

नको. पट्टा बोटातून आरपार जातो, अंगठा भलत्याच बोटात बसतो, आणि पाय खोटा असला की मापाचा अंदाजही खोटा. घरातल्या कुणाचाही पाय घ्या, घोट्याच्या खालचा, खरा फोटो काढा आणि हवं तर फक्त फरशी बदला. बाहेरच्या कुणाचा पाय असेल तर लेखी परवानगी घ्या, मजकूर कुणा जाणकाराकडून बघून घ्या.

प्रश्न: एक कोर्सवाला ४९९ मध्ये हजार प्रॉम्प्टची पीडीएफ देतोय. घेऊ का?

नको. वर एक दिलाय, फुकट.

प्रश्न: एआय फोटो टाकला की अकाउंट बंद होतं असं ऐकलंय. व्हॉट्सॲपवर पाठवून परत सेव्ह केला की एआयची खूण निघून जाते म्हणे?

कुणाकडून ऐकलंत हे कुणीच सांगत नाही. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, प्रत्यक्ष वस्तू दिसावी लागते आणि तिने फ्रेमचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, वर मजकूर नको. तुमची दगडी फरशी तिथे बसतच नाही, ती पुढच्या फोटोंमध्ये. गूगल मर्चंट सेंटरवर उलटंच आहे, एआयने बनवलेल्या फोटोच्या फाइलमधली `TrainedAlgorithmicMedia` ही न दिसणारी खूण ठेवायलाच सांगितलेली आहे. ती मुद्दाम पुसणं म्हणजे नसलेली भानगड ओढवून घेणं. शिवाय व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, शिलाईचा चिखल होतो. आपसात फाइल पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शंका असेल तर सेलर सपोर्टला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा, ग्रुपवर विचारू नका.

प्रश्न: फोटो लहान आलेत, एआय अपस्केलर चालेल का?

फरशीला चालेल, चपलेला नाही, तो शिलाई मनाने भरतो. लांब बाजू १००० पिक्सेलच्या खाली असेल तर ॲमेझॉनवर झूम मिळत नाही, आणि फोनचा मूळ फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणजे मूळ फाइल मध्येच कुठेतरी लहान झालीय, ती शोधा.

प्रश्न: आमचा सेल परवा सुरू होतोय. दोन दिवसांत सगळं उरकता येईल का?

नाही. सगळ्यात जास्त खपणारी चार डिझाइन्स घ्या, उद्या सकाळी खिडकीत पांढऱ्यावर फोटो काढा, दुपारी कटिंग, रात्री कारागिराला दाखवून अपलोड, आदल्या रात्री नको असं वर म्हटलंय पण इथे इलाज नाही. सीनचे फोटो सेल चालू असताना एकेक वाढवत जा. आणि दिवाळीचं काम असेल तर मला दिवाळीच्या आठवड्यात लिहू नका.