मित्राकडचे बारा हजार आणि ३१ मार्च

«जूनमध्ये बालमित्राला बियाणं-खतासाठी १२,००० रुपये नगदी दिले. कापूस निघाला की देतो म्हणाला होता. कापूस घरात पडून आहे, भाव वाढायची वाट पाहतोय. मैत्री न तुटता पैसे कसे मागू? माझं सेवा सोसायटीचं १,१०,००० पीककर्ज ३१ मार्चला भरायचं आहे, खात्यात ९८,००० आहेत. त्याचे आले की भरीन, नाहीतर राहू देईन. तसंही कर्जमाफी होईल असं सगळे म्हणतात.» – एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

बारा हजारांचं उत्तर देतोच, पण आधी एक लाख दहा हजारांचं बोलू, कारण मला काळजी त्याची वाटते.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्र आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की ही सवलत जाते. सात टक्के धरा, वर्षाचे ७,७०० रुपये झाले. त्यापुढे थकबाकीचं व्याज चढतं ते वेगळंच. शिवाय थकबाकीदाराचं नवं-जुनं होत नाही, म्हणजे नवं पीककर्ज मिळत नाही. मग जूनमध्ये कृषी केंद्रात उधारीवर बियाणं घ्यावं लागेल, आणि ते महाग पडतं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

कर्जमाफीच्या भरवशावर राहू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. २०१९ची महात्मा जोतिराव फुले योजना डिसेंबरात जाहीर झाली, पण त्यात धरलं गेलं ते ३० सप्टेंबर २०१९ला थकीत असलेलं, दोन लाखांपर्यंतचं कर्ज. म्हणजे जाहीर झाली तेव्हा तारीख मागे पडलेली होती. नियमित भरणाऱ्यांना नंतर ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं. पुढची माफी कधी येईल, कोणती तारीख धरेल, तुम्ही त्यात बसाल का, हे गावात छातीठोकपणे सांगणाऱ्या कुणालाच माहीत नाही. ७,७०० मात्र नक्की जाणार.

आणि हे कर्ज मित्रामुळे अडलेलं नाही. घरात तूर असेल तर क्विंटलला साडेसहा हजार धरले तरी दोन क्विंटलचे तेरा हजार होतात. तुमची तूट तेवढ्यात भरून निघते. ३१ मार्चचं सगळं ओझं मित्राच्या डोक्यावर टाकलंत, तर मागताना आवाजात राग येईल आणि मैत्री तिथेच बिघडेल.

आता निरोपाचं. फोनवर बोला, पण आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, त्याच्या एकट्याच्या नंबरवर. टपरीवर चारचौघांत नको आणि बायकांमार्फतही नको. असं लिहा:

«राजा, जूनमंधी बियाण्याले दिलेले १२,००० रुपये आता मले लागते. सोसायटीचं मार्चमंधी भरा लागते. २० फेब्रुवारीपर्यंत सगळे जमत असन तर ठीक. नाही तर ६,००० तवा दे, बाकीचे १५ मार्चपर्यंत. कोणती तारीख जमते ते सांगजो.»

यात रक्कम आहे, कशासाठी दिले ते आहे, खरं कारण आहे आणि तारीख आहे. «तशी घाई नाही» किंवा «जमेल तेव्हा दे» हे शब्द त्यात येऊ देऊ नका. आपण संकोचाने लिहितो आणि समोरचा ते शब्दशः धरतो. तुम्ही आठ महिने गप्प राहिलात, त्याचाही अर्थ त्याने हाच लावला असणार. त्याच्या कापसाच्या भावाबद्दल काही बोलू नका. किती ठेवायचा, कधी विकायचा ते त्याचं तो ठरवेल. दोनेक क्विंटल विकले की तुमचे पैसे सुटतात, हा हिशोब त्यालाही येतो.

उत्तरात तारीख आली का, एवढंच पाहा. «पाहतो ना भाऊ» असं आलं तर वाद न घालता विचारा, «सोमवारी घरी येऊ का, तारीख ठरवून घेऊ?» «हो, बारा हजार देणं आहे» असं लेखी आलं तर तो निरोप जपून ठेवा. उसन्या पैशांच्या दाव्याला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत सहीची लेखी कबुली मिळाली तर तीन वर्षं तिथून पुन्हा मोजतात. बारा हजारांसाठी कोर्टात जाऊ नका असंच मी सांगेन, पण पुढे रकमेवरून «दहाच होते ना?» असा घोळ तरी होणार नाही. अर्धे मिळाले की त्याच धाग्यात लिहा: «६,००० मिळाले, ६,००० बाकी.»

निरोप आजच पाठवा. या आठवड्यात सोसायटीच्या गटसचिवांना भेटून ३१ मार्चपर्यंत नेमकी किती रक्कम भरायची ते लिहून घ्या. २० फेब्रुवारीला मित्राचे आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी तूर बाजार समितीत न्या, कर्ज भरा आणि पावती घ्या. त्याचे बारा हजार नंतर आले तर ते खरिपाच्या बियाण्याला कामी येतील.