डोंगरात झोपलेला राजा आणि मामाशी झालेला वाद

प्रश्न: डोंगरात झोपलेला राजा, लोकांवर संकट आलं की उठेल, अशा दंतकथा शतकानुशतकं कशा टिकतात? लोक खरंच विश्वास ठेवतात का?

मी जर्मनीतल्या येना शहरात शिकत होतो तेव्हा मामा भेटायला आला होता. मामा शाळेत इतिहास शिकवायचा. एका रविवारी मी त्याला थुरिंगियातल्या क्यूफहॉयझर डोंगरावर घेऊन गेलो. तिथे १८९६ मध्ये उभारलेलं ८१ मीटर उंचीचं स्मारक आहे. खाली दगडात कोरलेला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा झोपेतून जागा होतोय, लांब दाढी खाली उतरलीय, आणि वर घोड्यावर कैसर विल्हेल्म पहिला. मामा खालच्या दाढीवाल्याकडे बघत म्हणाला, “राजाची वाट बघत बसणारे लोक कर्तृत्वशून्य. आपल्याकडे असलं काही नाही.” मला ते फार लागलं, कारण तिथे मी कित्येकदा एकटा गेलो होतो आणि ती गोष्ट मला प्रिय आहे. त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही, ते आता देतो.

मुळात त्या डोंगरात बार्बारोसा नव्हताच. आधी होता त्याचा नातू, फ्रेडरिक दुसरा. तो १२५० मध्ये दक्षिण इटलीत वारला आणि पालेर्मोत पुरला गेला. जर्मनीतल्या सामान्य माणसाने ना त्याचं प्रेत पाहिलं, ना थडगं. आला तो फक्त निरोप, आणि त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं सर्वांनी मानलेला राजाच नव्हता. मग १२८४ च्या सुमारास टिले कोलुप नावाचा एक माणूस “मीच फ्रेडरिक” म्हणत उभा राहिला. नॉइस गावात त्याने दरबार भरवला, शिक्के मारून सनदा दिल्या. खरा फ्रेडरिक तेव्हा नव्वदीला टेकलेला असता! तरी लोक आले, कारण नवा राजा रुडॉल्फ याने लादलेल्या करावर शहरं चिडलेली होती. रुडॉल्फने वेत्सलारला त्याला पकडून १२८५ मध्ये जिवंत जाळलं.

टिकण्याचं कारण मला इथेच दिसतं. हाडामांसाचा तोतया जाळता येतो, डोंगरात झोपलेला राजा जाळता येत नाही. शिवाय गोष्टीत एक फार हुशार कलम आहे: शंभर वर्षांनी राजा कुणाला तरी बाहेर पाठवतो, डोंगराभोवती कावळे अजून घिरट्या घालतायत का ते बघायला. घालत असतील तर आणखी शंभर वर्षं झोप. म्हणजे राजा आला नाही, तरी गोष्ट खोटी पडत नाही.

आणि राजा बदलता येतो. १५१९ मध्ये छापलेल्या एका लोकपुस्तिकेत नातवाची जागा आजोबाने घेतलेली दिसते. हा आजोबा म्हणजे बार्बारोसा, धर्मयुद्धावर जाताना ११९० मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या नदीत बुडून मेलेला. म्हणजे पुन्हा दूर, पुन्हा लोकांच्या डोळ्यांआड. १८१७ मध्ये जर्मन कवी र्‍युकर्टची कविता आली आणि बार्बारोसाचं नाव पक्कं झालं. जर्मनी एक झाल्यावर स्मारक बांधणाऱ्यांनी सांगून टाकलं की राजा उठलाय आणि तो म्हणजे विल्हेल्म. १९४१ मधल्या रशियावरच्या स्वारीला हिटलरने याच बार्बारोसाचं नाव दिलं. माझं स्पष्ट मत आहे की लोकांची आशा वाईट नसते, वाईट असतो “तो उठला, तो मीच” म्हणणारा.

आता मामा, “आपल्याकडे असलं काही नाही” याबद्दल. पानिपत, १७६१. सदाशिवरावभाऊ पडले, पण ते मेले हे पुण्यात अनेकांना पटलं नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, कोकणात त्याला माणसं मिळाली, किल्ले मिळाले, आणि १७७६ मध्ये त्याला मारावं लागलं. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हे विसरावं? कोलुप आणि हा तोतया यांच्यात पाचशे वर्षांचं अंतर आहे, पण घडलं तेच. आपल्या भाऊंना फक्त डोंगर मिळाला नाही.

एक मान्य करतो. प्रेत न दिसणं हे कारण सगळीकडे लागू पडत नाही. सम्राट शार्लमेनचं थडगं जर्मनीतल्या आखेनमध्ये आहे, तरी साल्झबुर्गजवळच्या उंटर्सबर्ग डोंगरात तो झोपलाय असं सांगतातच. आणि विश्वासाचं विचाराल तर क्यूफहॉयझरला मला भेटलेल्यांपैकी कुणीही राजा उठेल असं मानत नव्हतं. पण कावळे दिसले की मुलांना बोटाने दाखवत होते.

मामाला मात्र एवढंच विचारायचंय: पार्वतीबाईंनी भाऊंच्या मागे वैधव्य स्वीकारलं नाही, शेवटपर्यंत सौभाग्यवती म्हणून राहिल्या. त्यांनाही तू कर्तृत्वशून्य म्हणणार का?