सातेरीची पहिली पेटी

प्रश्न: एकच पेटी घेऊन मधमाश्या पाळायच्या आहेत. किती दिवसांनी तपासू आणि त्या उडून जाऊ नयेत म्हणून काय करू?

सातेरी या आपल्या देशी पाळीव मधमाशीची पेटी एरवी दहा-बारा दिवसांनी उघडा, फुलोऱ्यात मात्र दर सात दिवसांनी. कारण अंडं घातल्यापासून राणीघर, म्हणजे नवी राणी वाढते ते घर, मेणाने बंद व्हायला साधारण आठ दिवस लागतात आणि ते बंद होताच जुनी राणी थवा घेऊन निघू शकते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबणारी राणीघरं दिसली तर नुसती खुडून भागत नाही, माश्या पुन्हा बांधतात. जुनी राणी माश्यांनी भरलेल्या दोन-तीन चौकटींसह दुसऱ्या पेटीत हलवा, मूळ पेटीत एकच चांगलं राणीघर ठेवा. म्हणून रिकामी दुसरी पेटी आधीच आणून ठेवा.

पावसाळ्यात कारण वेगळं असतं: उपासमार झाली की अख्खी वसाहतच निघून जाते. तेव्हा संध्याकाळी समप्रमाणात साखर-पाणी आत ठेवा आणि पोळं खाणारा मेणकिडा लागू नये म्हणून पेटीची तळफळी पुसून घ्या.