मिठाची घनता बरोबर दुप्पट का येते?

प्रश्न: सर, मी बारावीला आहे, परळीचा. NaCl च्या युनिट सेलची कड 564 पिकोमीटर, मोलर मास 58.44. माझं उत्तर 4.33 येतंय, पुस्तकात 2.16 आहे. तीनदा करून बघितलं. चुकतंय कुठं?

उत्तर: बरोबर दुप्पट आलंय, म्हणजे तू Z = 8 धरलास. बाकी आकडेमोड नीट आहे.

सेलमध्ये आयन आठच असतात, ते तू बरोबर मोजलंस. क्लोराइड कोपऱ्यांवर 8 × 1/8 आणि पृष्ठांच्या मध्यावर 6 × 1/2, मिळून 4. सोडियम कडांच्या मध्यावर 12 × 1/4 आणि पोटात एक, तेही 4. पण 58.44 ग्रॅम हे वजन एका सोडियमचं नाही की एका क्लोराइडचं नाही, ते दोघांच्या जोडीच्या एका मोलचं आहे. ज्याचं वजन घेतलंस तेच मोजायचं. जोड्या चारच, म्हणून Z = 4. तुला आठच धरायचे असतील तर सरासरी 29.22 घेऊन बघ, उत्तर तेच येईल.

आता गणित पुन्हा मांडू. एका पिकोमीटरचे 10⁻¹⁰ सेंटिमीटर, म्हणून कड 5.64 × 10⁻⁸ सेंटिमीटर.

```
m = 4 × 58.44 / (6.022 × 10²³) = 3.882 × 10⁻²² g
a³ = (5.64 × 10⁻⁸)³ = 1.794 × 10⁻²² cm³
d = m / a³ = 2.16 g/cm³
```

इथं दुसरी एक चूक मी वर्गात नेहमी बघतो. 564 चा घन करतात आणि 10⁻¹⁰ तसाच ठेवतात. घन त्याचाही होतो, म्हणजे 10⁻³⁰. ही चूक मात्र लगेच दिसते, कारण उत्तर भलत्याच घातात जातं. तुझी चूक लपून बसते, कारण 4.33 दिसायला ठीकच वाटतं. म्हणून अंदाज घ्यायची सवय लाव. आपल्याकडचा काळा पाषाण, वेरूळच्या लेण्यांचा, साधारण 2.8 ते 3 च्या घरात असतो. मिठाचा खडा त्याच्यापेक्षा जड निघाला की थांबायचं.

घरी वाटीभर मीठ तोलून हे पडताळायला जाशील तर 2.16 पेक्षा बरंच कमी येईल. त्यात सूत्राचा दोष नाही. दाण्यांमध्ये हवा असते, आणि सूत्र फक्त भरीव स्फटिकाची घनता सांगतं.

तांबं, लोखंड अशा धातूंत हा घोळ होत नाही, कारण तिथं कण एकच जातीचा. पण CsCl आलं की सावध राहा. मध्ये एक आयन दिसतो म्हणून पोरं त्याला बीसीसी समजून Z = 2 धरतात. मधला सीझियम आणि कोपऱ्यांवरचे क्लोराइड मिळून जोडी एकच, Z = 1. कड 412 पिकोमीटर, मोलर मास 168.36 घेऊन करून बघ, 4.0 च्या आसपास यायला हवं. 8 आलं तर पुन्हा तेच झालंय.