तिसरे पान

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. चप्पल लाईनमधला म्हातारा दुकानावरचे जुने नाव का बदलत नाही, याचे उत्तर सापडत नाही म्हणून कथा अडली, असे तू लिहितोस. अरे, उत्तर शोधूच नकोस. या नकारापायी म्हाताऱ्याचे काय जाते, ते शोध.

महापालिकेचा माणूस येऊन नाव बदलायची सक्ती करतो, तो प्रसंग काढून टाक. २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी फलक बंधनकारक झाला खरा, पण तो नियम लिपीचा आहे, नावाचा नाही. आणि तुझा फलक पहिल्यापासून देवनागरीतच आहे. शिवाय सक्ती बाहेरून आली की म्हातारा आयता शूर ठरतो. दडपण घरातून येऊ दे. नातवाला पुण्याच्या व्यापाऱ्याकडून दोनशे जोडांची मागणी मिळते, अट एकच, तळावर नवे नाव हवे. त्या पैशांतून नातवाचे लग्न व्हायचे आहे. आता म्हातारा 'असू दे की तसंच' एवढेच म्हणाला, तरी वाचकाला ते लागेल, कारण काय गेले ते त्याने पाहिलेले असेल.

तिसऱ्या पानावर म्हातारा दुकान सोडून गेलेल्या भागीदाराची, फलकावर ज्याचे नाव आहे त्याची, मैत्री सांगत बसतो. ते सगळे भाषण आहे. माझ्याही एका कथेच्या शेवटी दिवाळी अंकाच्या संपादकांनी खुलासा मागितला होता आणि मी तो लिहून दिला. घरात चणचण होती, मानधन हवे होते. त्या वेळी दुसरे काय करणार होतो? पण तो परिच्छेद मी आजही हाताने झाकून वाचतो. त्यानंतर खुलासा मागणाऱ्या प्रत्येकाकडून कथा परत घेतल्या, संग्रह फार उशिरा निघाला, आणि मी केले ते बरोबरच केले असे मला आजही वाटते.

भागीदार दाखवायचाच असेल तर शिक्क्यात दाखव. कोरड्या कातड्यावर शिक्का नीट उमटत नाही आणि फार भिजलेल्यावर अक्षरे पसरतात, म्हणून कारागीर तळ बेताचा ओलसर करतो, हे तुला ठाऊक आहे. मग ते कथेत का नाही? मागणी परत गेली त्या रात्री म्हातारा तळ ओलसर करून पितळी शिक्क्यावर हातोडी मारतो. झिजलेल्या शिक्क्यातले नावाचे पहिले अक्षर उमटत नाही. तो आरीच्या टोकाने ते अक्षर हाताने कोरतो, आणि ज्याचे लग्न लांबले तो नातू न बोलता तळ धरून ठेवतो. तिथे थांब. नातवाला समजूत पटली, असे एक वाक्यही लिहू नकोस.

बाकीच्या पानांवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. तिसरे पान मी परत पाठवत नाही.

तुझा,
काका