पफर जॅकेट चित्रात फुगीर कसं दिसेल?

प्रश्न: मी जळगावची. मनालीत घडणाऱ्या गोष्टीसाठी चित्र काढतेय, पण पफर जॅकेट पट्ट्यापट्ट्यांच्या टी-शर्टसारखं दिसतं. काय चुकतंय?

उत्तर: बाह्यरेषा सरळ ओढलीय, घोळ तिथेच आहे. टीप पडते तिथे कापड आत खेचलं जातं, लगत बारीक चुण्या येतात, आणि दोन टिपांमधला भाग फुगतो. म्हणून कडेची रेघही प्रत्येक टिपेपाशी आत घ्या, मध्ये बाहेर काढा. कोपर वाकला की आतले फुगे दबून एकमेकांवर चढतात, बाहेरचे ताणून चपटे होतात. हात अंगापासून जरा फाकलेले ठेवा. सॅकचा पट्टा दाबतो तिथला फुगवटा पार बसवा; जाडी खरी तिथेच कळते.

स्की सूटला मात्र या फुगीर पट्ट्या नकोत. त्याचं ऊबदार अस्तर आत, वरचं कापड बहुतेकदा गुळगुळीत. घड्या मोजक्या पण मोठ्या.