‘मी आलो’ आणि ‘मी वाचलं’

चि. नवसदस्यास,
अनेक आशीर्वाद.

भाषामंडळात तुझं मनापासून स्वागत. प्रयोग ओळखून शाळेत गुण मिळवले, आता पुढे त्याचं काय करायचं, हा तुझा प्रश्न मला आवडला. स्वागतसभेत त्यावर नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

‘मी पुस्तक वाचलं’ हे वाक्य घे. परीक्षेत आपण ‘कर्मणी’ लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. जरा तिथेच थांब. ‘मी आलो’ आणि ‘मी पुस्तक वाचलं’ यांतला ‘मी’ दिसायला एकच. पण बोलणारी बाई असेल तर ‘आलो’चं ‘आले’ होतं, ‘वाचलं’ मात्र तसंच राहतं. ते बदलतं पुस्तकाऐवजी गोष्ट आली की: ‘मी गोष्ट वाचली’. आता ‘मी’च्या जागी ‘तो’ घाल. ‘तो आला’, पण ‘त्याने पुस्तक वाचलं’. ‘मी’त न दिसलेला फरक इथे ‘ने’च्या रूपाने समोर येतो.

आपल्या गोव्यात तर तो फरक पहिल्या पुरुषातही रोज कानावर पडतो. कोंकणीत ‘हांव आयलों’, पण ‘हांवें पुस्तक वाचलें’. जुन्या मराठीतही ‘म्यां’, ‘त्वां’ अशी वेगळी रूपं होती. संस्कृतातलं ‘मया पुस्तकं पठितम्’ आठव: कर्ता तृतीयेत आणि क्रियेचं रूप कर्माप्रमाणे. ही घडण कोंकणीने सर्वनामातही टिकवली. मराठीने ‘मी’, ‘तू’ यांची वेगळी रूपं सोडली, क्रियापदाची कर्माशी जुळणी ठेवली.

‘तू’चं प्रकरण मला याहून सुंदर वाटतं. ‘तू गोष्ट वाचलीस’ यातली ‘ली’ गोष्टीमुळे आली आणि ‘स’ तुझ्यामुळे. एकाच क्रियापदावर दोघांची खूण! आपले व्याकरणकार याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

मात्र भूतकाळ आणि कर्म दिसलं की कर्मणी, असं पाठ करू नकोस. ‘ती मराठी शिकली’ म्हणतो आपण, ‘तिने’ नाही. कर्म आहे, तरी क्रियापद तिच्याकडेच पाहतं. त्यामुळे प्रत्येक क्रियापद तपासूनच बघावं लागतं.

तपासताना ‘बरोबर काय?’ असं कुणाला विचारू नकोस, माणूस लगेच पुस्तकी उत्तर देतो. ‘काल काय काय केलंत?’ असं विचार आणि ऐकत राहा. घरी मराठी बोलणारं एक माणूस आणि कोंकणी बोलणारं एक, एवढी माणसं सुरुवातीला पुरेत. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिही, सुधारू नकोस.

पुढच्या बैठकीला वही घेऊन ये. सुरुवात ‘म्हणणे’पासून कर: ‘तो म्हणाला’, पण ‘त्याने कविता म्हटली’.

तुझा,
मंडळातला एक जुना सदस्य